ऑफिसच्या दुपारच्या गर्दीसाठी पाटीवर काय लिहावं: चार ओळींची तुलना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रस्त्यालगत एक गाळा घेतलाय असं धरू. दर्शनी भाग चौदा फूट रुंद. आत चार जणांची दहा टेबलं, म्हणजे चाळीस खुर्च्या. घरचीच माणसं चालवणार: एक भाऊ गल्ल्यावर, एक बाहेरची खरेदी बघणार, आणि वहिनींच्या हाताखाली दोन मदतनीस. दुपारी शाकाहारी आणि मांसाहारी थाळी, रात्री आणि रविवारी आसपासची कुटुंबं. समोर आणि डावीकडे ऑफिसच्या इमारती, मागे काही छोटे कारखाने. दुपारच्या गर्दीवर भाडं आणि पगार निघायला हवेत, बाकीचं रात्री.

पाटीवाला मजकूर मागतोय आणि घरात चार ओळी फिरतायत. वहिनींना हवंय «घरच्यासारखं जेवण». थोरल्याचं मत «बसल्यापासून दहा मिनिटांत ताट». धाकटा म्हणतो «रोज वेगळी भाजी, एकच भाव». आणि जाहिरातीच्या धंद्यातल्या एका मित्राने सुचवलेली, सगळ्यांना ऐकताक्षणी आवडलेली ओळ: «ऑफिसची दुपार, घरच्यांचा रविवार».

यातली कुठली लावायची, आणि उरलेल्यांचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. पण तो सोडवायला आधी फुटपाथवर उभं राहून बघायला हवं.

दाराशी कोण ठरवतं

दुपारी एकटा माणूस कमी येतो. दोघं, तिघं, चौघं येतात. त्यांच्यात एक जण असा असतो की तो नको म्हणाला की सगळेच पुढे जातात. कधी तो जैन असतो, कधी त्याला दीडला मीटिंग असते, कधी महिनाअखेर असते, तर कधी त्याला मासे हवे असतात आणि बाहेर तसं काही दिसत नाही. बाकीच्या तिघांना कुठेही चालतं. म्हणून पाटीचं काम «या» म्हणण्याइतकंच त्या एकाच्या शंका दाराबाहेर मिटवण्याचं आहे. त्या शंका चारच: व्हेज की नॉनव्हेज, किती वेळ, किती पैसे, आणि आज आहे काय.

एका ओळीत या चारही शंका मिटत नाहीत. त्या मिटवायला गेलं की पाटी रेल्वेच्या वेळापत्रकासारखी दिसते. पण दुकानाला फक्त पाटी नसते. दाराची काच असते, दाराशेजारचा फळा असतो. तेव्हा चार ओळींची तुलना करताना प्रत्येक वेळी दोन गोष्टी विचारायच्या: ही ओळ कुणाची कुठली शंका मिटवते, आणि दुपारी सव्वा एक वाजता, गर्दी ऐन भरात असताना, स्वयंपाकघर ती खरी करू शकतं का.

| ओळ | मिटणारी शंका | ती खरी ठेवायला लागतं काय | कुठे चालते |
|---|---|---|---|
| घरच्यासारखं जेवण | नेमकी कुठलीच नाही | चव. पण ती आत गेल्यावर कळते | पीजी-वसतिगृहांच्या वस्तीत |
| बसल्यापासून दहा मिनिटांत ताट | वेळ | एक वाजता तयार पोळ्या | सुटी काटेकोर असलेल्या ऑफिसांजवळ |
| रोज वेगळी भाजी, एकच भाव | «आज काय» आणि थोडी पैशाची | भाज्यांचं वेळापत्रक, रोज लिहिलेला फळा | तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात तिथे |
| ऑफिसची दुपार, घरच्यांचा रविवार | कुठलीच नाही | काही नाही | पत्रकावर, फोनवरच्या शुभेच्छांत |

«घरच्यासारखं जेवण»

ही ओळ सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत वापरलेली. खानावळीपासून तारांकित हॉटेलपर्यंत सगळीकडे ती असते, त्यामुळे डोळा तिच्यावर थांबत नाही. पण ती सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. गाळा कुठे आहे त्यावर ते ठरतं.

हिंजवडी किंवा विमाननगरच्या बाजूला, जिथे परगावची मुलंमुली पीजीत राहतात आणि महिनाभर पनीर आणि मैदा खाऊन कंटाळलेली असतात, तिथे «घर» हा शब्द अजून काम करतो. वागळे इस्टेटचं चित्र वेगळं आहे. इथे कामाला येणारे बरेच जण डोंबिवली, कल्याण, मुलुंड, कळव्याहून घरून डबा घेऊन येतात. ज्याच्या बॅगेत घरचीच पोळीभाजी आहे, तो घरच्यासारखं खायला बाहेर कशाला पडेल? तो बाहेर पडतो तेव्हा डबा राहिलेला असतो, किंवा शुक्रवार असतो आणि टोळक्यासोबत काहीतरी वेगळं खायचं असतं. पहिल्याला वेळ वाचवायचा असतो, दुसऱ्याला बदल हवा. दोघांनाही ही ओळ काही सांगत नाही.

आणखी एक बाजू आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत «होम मेड», «होम कुक्ड» अशा, ग्राहकाची चुकीची समजूत करून देऊ शकणाऱ्या शब्दांवर बंदी आहे. «घरच्यासारखं» म्हणणं आणि «घरी बनवलेलं» म्हणणं यात फरक आहे हे खरं. तरी गाळ्यातल्या व्यावसायिक शेगडीवर शिजवून पाटीवर «घरी बनवलेलं» लिहायचं टाळाच.

वहिनींना त्यांच्या हाताची चव पाटीवर हवी असेल तर «घर» हा शब्द सोडून एखादी दिसणारी गोष्ट सांगावी. «पोळी तव्यावरून थेट ताटात» ही तशी ओळ. हॉटेलच्या रोटीत आणि घरच्या पोळीत माणसाला जो फरक वाटतो तो तिच्यात नेमका आला. मात्र ही ओळ घेतली की थोरल्याची ओळ हातची गेली. ते कसं, ते पुढे बघू.

«बसल्यापासून दहा मिनिटांत ताट»

हिचा जोर आकड्यात आहे. «झटपट», «लगेच», «फास्ट सर्व्हिस» हे शब्द कुणी मोजत नाही. दहा मिनिटं मोजता येतात, आणि ज्याला पावणेदोनला जागेवर परत बसायचंय तो ती मोजतो.

मालकाला हिचा दुसरा फायदा होतो. तो कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. खुर्च्या चाळीस असल्या तरी चार जणांच्या टेबलावर दोघं-तिघं बसतात, त्यामुळे एका वेळी साधारण अठ्ठावीस माणसं आत असतात. खरी गर्दी पाऊण ते सव्वादोन, म्हणजे नव्वद मिनिटं. एक फेरी पंचेचाळीस मिनिटांची झाली तर दोन फेऱ्या, छप्पन्न ताटं. फेरी तीस मिनिटांत आटोपली तर तीन फेऱ्या, चौऱ्याऐंशी ताटं. थाळी १४० रुपयांची धरली तर रोजचा फरक जवळपास चार हजारांचा होतो. म्हणजे वेळेचं आश्वासन ग्राहकासाठी आहे तेवढंच गल्ल्यासाठीही आहे. «लवकर उठा» असं कुणाला सांगता येत नाही. ताट लवकर आलं की माणूस आपोआप लवकर उठतो.

आता हे आश्वासन कुठे मोडतं ते पाहू. भाजी, आमटी, भात, कोशिंबीर हे सगळं बारापर्यंत तयार असतं, ते वाढायला दोन मिनिटं पुरतात. अडतं ते पोळीवर. एक वाजून पाच ते एक वीस या पंधरा मिनिटांत पंचवीस माणसं आली आणि प्रत्येकाला तीन पोळ्या दिल्या तर पंचाहत्तर पोळ्या लागतात. एक लाटणारी आणि एक भाजणारी असली तर मिनिटाला फार तर दोन, म्हणजे पंधरा मिनिटांत तीस. उरलेल्या पंचेचाळीस आधीच करून गरम डब्यात हव्यात. नसतील तर शेवटच्या टेबलाला वीस-बावीस मिनिटं लागतात, आणि पाटीवरचा आकडा खोटा पडलेला अख्खं टेबल बघतं.

म्हणून «तव्यावरून थेट ताटात» आणि «दहा मिनिटांत» या दोन्ही ओळी एका पाटीवर नांदत नाहीत. एकीला ताजी पोळी हवी, दुसरीला तयार पोळी. मध्यममार्ग आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो चालतो: पहिल्या दोन पोळ्या डब्यातल्या, ताटासोबत, तिसरी तव्यावरची, मागाहून आणून वाढायची. ग्राहकाला वेळेत ताट मिळतं आणि शेवटी गरम पोळीचं सुखही. पण हे वाढण्याचं तंत्र झालं, पाटीवर लिहायची गोष्ट नव्हे.

शब्द निवडतानाही जपायला हवं. «ऑर्डर दिल्यापासून» म्हटलं तर वेटर टेबलाशी यायला लावतो तो वेळ धरला जात नाही. ग्राहकाच्या घड्याळात मात्र तो असतोच. «बसल्यापासून» हे जास्त सरळ आहे. जागेसाठी बाहेर उभं राहावं लागलं तर तो वेळ यातही धरलेला नाही, त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल. आणि आकडा आधी मोजून मगच लिहावा. उघडल्यावर पहिले दोन आठवडे रोज एक ते दीडमध्ये आलेल्या टेबलांची बसण्याची आणि ताटाची वेळ बिलाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. दहापैकी नऊ टेबलांना जेवढ्या वेळात ताट मिळालं तो तुमचा आकडा. तो बारा निघाला तर बारा लिहा. ग्राहकाला दहा आणि बारात फारसा फरक वाटत नाही. दहा लिहून अठरा लागले तर वाटतो.

बिर्याणी, तवा फ्राय हे सगळं याच वेळेत बसत नसेल तर ओळीत «थाळी» हाच शब्द हवा. «ताट» लिहिलं की ग्राहक सुरमई फ्रायसुद्धा त्यात धरतो.

«रोज वेगळी भाजी, एकच भाव»

कानाला ही फार काही वाटत नाही. घरातही हिच्यावर कुणी उड्या मारणार नाही. मला मात्र या गाळ्यासाठी हीच बरी वाटते. कारण सांगतो.

ऑफिसच्या दुपारचा धंदा नव्या माणसांवर चालत नाही. आसपासच्या पाचसहा इमारतींतली तीच माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा आली तर चालतो. पहिल्यांदा येणारा वेळ आणि भाव बघतो. तिसऱ्यांदा येणारा मनात विचारतो, आज परत फ्लॉवर-बटाटाच असेल का? दुपारच्या खानावळी माणसाच्या मनातून उतरतात त्या बहुधा कंटाळ्यामुळे, चव बिघडल्यामुळे क्वचितच. ही ओळ त्या कंटाळ्यालाच उत्तर देते, आणि तिचा पुरावा रोज फळ्यावर असतो. लिहिलेलं खरं आहे हे आत न जाताही दिसतं. चव किंवा वेळ यांच्याबाबत ते होत नाही.

यासाठी स्वयंपाकघरात वेळापत्रक लागतं, आणि ते आठवड्याचं करू नका. सोमवारी मटकी, मंगळवारी भेंडी असं ठरवलं की फक्त बुधवारी येणाऱ्याला कायम वांगंच मिळतं. त्याच्यासाठी तुमची पाटी खोटी. अकरा दिवसांचं चक्र लावा. रोज एक सुकी भाजी आणि एक उसळ किंवा रस्सा, अशा अकरा जोड्या. ऑफिस पाच दिवसांचं असो की तुमचं दुकान सहा दिवसांचं, अकराचं चक्र दर आठवड्याला सरकतं आणि वार आणि भाजी यांची गाठ बसत नाही. मटकी, चवळी, मसूर, वाटाणा, छोले, वाल, पिठलं, शेवभाजी, भरली वांगी, पाटवडी रस्सा, डाळमेथी ही एक बाजू सहज भरते. सुक्या भाज्यांत मंडईच्या भावाप्रमाणे अदलाबदल करता येते.

«एकच भाव» यात एक खाच आहे. पाटीवर आकडा घालायचा मोह होईल: «थाळी ₹१४०». तो पाटीवर नको. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो काही शहरांत किलोला दोनशेच्या पुढे गेला होता. कांद्याचं असं दर काही वर्षांनी होतं. पक्क्या अक्षरांत लिहिलेल्या भावावर चिकटपट्टी लावून नवा भाव लिहिलेली पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगते: इथे भाव वाढतात. आकडा फळ्यावर असू द्या. पाटीवरच्या «एकच भाव» चा अर्थ एवढाच की आज पनीर आहे म्हणून वीस रुपये जास्त, असं होणार नाही. मांसाहारी थाळीचा भाव वेगळाच राहणार; म्हणून फळ्यावर दोन भाव लिहावे लागतील आणि «एकच भाव» भाजीच्या थाळीपुरता आहे हे तिथेच स्पष्ट दिसलं पाहिजे.

फळ्यावरचा आकडा कर धरून हवा. रेस्टॉरंटला नेहमीच्या पद्धतीत ५ टक्के जीएसटी लागतो. फळ्यावर १४० आणि बिलावर १४७ आले की चौघांच्या टेबलावर अठ्ठावीस रुपयांवरून नाराजी होते, आणि ती पुढच्या आठवड्यात न येण्यातून दिसते. १४० मध्ये कर धरला तर तुमच्या हाती साधारण १३३ राहतात, तेवढा हिशेब आधी करून भाव ठरवा. जीएसटीच्या, छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेत असाल तर ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, आणि आपण त्या योजनेत असल्याचं दर्शनी फलकावर लिहावं लागतं. पाटीवाल्याला मजकूर देताना हे हमखास विसरलं जातं.

«ऑफिसची दुपार, घरच्यांचा रविवार»

ऐकायला छान आहे, यमक जुळतं, दोन्ही गिऱ्हाइकं एका ओळीत येतात. म्हणूनच मालक हिच्या प्रेमात पडतात. पण सव्वा एकला फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला हिच्यातून काय कळतं? इथे ऑफिसची माणसं येतात. ते तर त्याला समोर दिसतंच आहे. जेवण, वेळ, भाव, प्रकार यांतलं काहीच कळत नाही. उलट «घरच्यांचा रविवार» वाचून थोडी शंकाच वाढते.

ती शंका «फॅमिली» या शब्दाच्या पाठोपाठ येते. महाराष्ट्रात पाटीवरचं «फॅमिली रेस्टॉरंट» पुढे «अँड बार» किंवा «परमिट रूम» घेऊन येण्याची सवय डोळ्यांना आहे. बार नसला तरी त्या शब्दातून जाड मेनूकार्ड, वीस प्रकारच्या ग्रेव्ह्या, अर्धा तास थांबणं आणि चारशेचं बिल असं चित्र उभं राहतं. रात्री कुटुंबासह येणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही, तो तासभर बसायलाच येतो. दुपारचा माणूस मात्र तेच वाचून पुढे जातो. त्यामुळे कुटुंबांसाठीचा मजकूर असावा, पण दुपारच्या मजकुरापासून वेगळा, दाराच्या दुसऱ्या बाजूला: «संध्याकाळी ७ ते १०:३०, रविवारी दिवसभर. लहान मुलांसाठी कमी तिखट.» शेवटचे चार शब्द आईबापांसाठी कुठल्याही यमकापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

मित्राची ओळ फुकट जाऊ द्यायची नसेल तर उद्घाटनाच्या पत्रकावर घ्या. तिथे माणूस बसून वाचतो.

मग पाटीवर काय, काचेवर काय

या गाळ्यासाठी माझा कौल असा: पाटीवर धाकट्याची ओळ, काचेवर थोरल्याची, आणि वहिनींची चव ताटात. पाटी वर्षानुवर्षं राहते आणि भाज्यांचं चक्र एकदा लावलं की पाळता येतं. वेळेचा आकडा मात्र एक मदतनीस रजेवर गेली तरी मोडतो, म्हणून तो अशा जागी हवा जिथून तो तासाभरात बदलता येईल. काचेवरचं विनाइल खरवडून काढता येतं, पाटीवरची अक्षरं नाही.

समोरच्या इमारतीत कॉल सेंटर, बँकेचं मागचं ऑफिस किंवा शिफ्टचा कारखाना असेल, जिथे सुटी अर्ध्या तासाची आणि कार्डावर नोंदवली जाणारी, तर हा कौल उलटा करा. तिथे वेळेशिवाय दुसरं काही विकलं जात नाही. अशा ठिकाणी पोळीचा माणूस वाढवा आणि थोरल्याची ओळ पाटीवर चढवा.

काचेवर सहासात फुटांवरून वाचणारा माणूस असतो, म्हणजे दाराशी थांबलेला, जवळजवळ आत आलेला. त्याच्यासाठी मजकूर असा जमेल:

«थाळी १२ मिनिटांत.
१ ते १:३० गर्दी असते. १२:३० ला आलात तर लगेच जागा.
एकट्यासाठीही टेबल आहे.
यूपीआय, मील कार्ड चालतं.»

दुसरी ओळ बऱ्याच मालकांना खटकते. आपल्याकडे गर्दी होते हे आपणच सांगायचं आणि वर लोकांना लवकर यायला सांगायचं? पण साडेबाराच्या आसपासची अर्धी रिकामी वेळ भरण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे. ज्यांची सुटी लवचिक आहे ते खरंच लवकर येतात, आणि एकच्या रांगेतली सहाआठ माणसं कमी होतात. तिसरी ओळ त्या माणसासाठी जो चार खुर्च्यांची टेबलं बघून संकोचतो आणि वडापाव खाऊन परत जातो. मील कार्ड, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांना देते ते जेवणाचं कार्ड, प्रत्यक्षात घेत असाल तरच लिहा. यंत्र बंद आहे असं दोनदा सांगावं लागलं की ते कार्डवालं अख्खं ऑफिस जातं.

व्हेज-नॉनव्हेजचं उत्तर मात्र पाटीवरच हवं, कारण त्यावर रस्त्यापलीकडेच निर्णय होतो. «शाकाहारी आणि मांसाहारी थाळी» एवढं पुरे. भांडी आणि शेगडी खरोखर वेगळी असतील तर तेही लिहा, शाकाहारी माणूस तेच शोधतो. नसतील तर त्या विषयावर गप्प राहणं बरं. आणि फळ्यावर गुरुवारी, संकष्टीला, श्रावणात शाकाहारी थाळीची ओळ वर आणि मांसाहारी खाली घ्यायची. इतर शुक्रवारी उलट.

अक्षरं

मजकूर ठरला तरी अक्षरं चुकली की तो वाचला जात नाही. पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब दहा फुटांना एक इंच उंचीचा असतो. समोरचा फुटपाथ चाळीस फुटांवर असेल तर चार इंच. पण हा हिशेब इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून आलाय. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. त्यामुळे «चार इंचांची ओळ» सांगितली की मधलं अक्षर अडीच इंचांचं उरतं. सांगताना «शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत चार इंच» असं सांगा, म्हणजे पूर्ण ओळ सात इंचांच्या आसपास येते. «रोज वेगळी भाजी, एकच भाव» यात जोडाक्षर एकही नाही. हे या ओळीचं न दिसणारं बळ आहे. «स्वादिष्ट», «उत्कृष्ट» हे शब्द अ‍ॅक्रेलिकमध्ये कापले की ष्ट आणि स्व भरून जातात आणि लांबून काळा ठिपका दिसतो.

दुसरं, तुमचं गिऱ्हाईक दुपारी येतं. पाटीवाला आतून दिवे लावलेली अक्षरं दाखवेल, रात्रीचे फोटो दाखवेल. दुपारी एकला त्या दिव्यांचा काही उपयोग नसतो. उलट ऊन डोक्यावर असताना वरच्या पत्र्याची सावली पाटीच्या वरच्या भागावर पडते आणि पाटीच्या चकचकीत एसीपी शीटवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, आकाश दिसतं. मॅट पृष्ठभाग घ्या, फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरं घ्या, आणि ओळ पाटीच्या खालच्या भागात ठेवा. दिवे रात्रीच्या कुटुंबांसाठी लावा.

नावाच्या बाबतीत कायदा पाळायचाच आहे. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरीत नाव लावावं लागतं, ते आधी हवं, आणि इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी असू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. जिथे मद्य मिळतं अशा ठिकाणाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही, हेही त्याच सुधारणेत आहे. पुढेमागे परमिट रूमचा विचार असेल तर नाव ठरवतानाच लक्षात ठेवा. फुटपाथवर बाहेर येणारा आडवा फलक लावायचा असेल तर महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात आधी चौकशी करा.

नाव आणि ओळ एकाच शीटवर कापून घेऊ नका. नावाचा भाग पक्का, आणि त्याखाली फूटभर उंचीची वेगळी पट्टी, चार स्क्रूंवर. पहिला महिना त्या पट्टीवर साधं फ्लेक्स लावा. पहिले दोन आठवडे एक ओळ, पुढचे दोन दुसरी, आणि रोज दोन आकडे लिहा: दाराशी थांबून परत फिरलेली टोळकी किती, आणि आत आलेली किती. सोमवारची तुलना सोमवारशीच करायची, गुरुवारची गुरुवारशी. पगाराचा आठवडा आणि महिन्याचा शेवटचा आठवडा यांची एकमेकांशी तुलना केली तर कुठलीही ओळ जिंकल्यासारखी दिसेल, म्हणून दोन्ही ओळींच्या वाट्याला पगाराच्या आसपासचे दिवस येतील अशी अदलाबदल करा. परत फिरणाऱ्यांना जमलं तर गल्ल्यावरच्याने सहज विचारावं, «काय शोधताय?» उत्तर बहुधा एका शब्दात येतं: मासे, जागा, भाव. जो शब्द जास्त वेळा येईल तो काचेवर घ्या. पक्क्या पट्टीची ऑर्डर त्यानंतर.